आवाज बंद, अक्षरं चालू

माझा आवाज मोठा आहे, एवढंच माझं शिक्षण. चौथीत गुरुजींनी माझा नाद सोडला आणि मी त्यांचा, दोघंही सुखी झालो. पुढं हैदराबादला आलो, आटो घेतला, आटोच्या टपावर भोंगा बसवला आणि गल्लोगल्ली ओरडायचं काम धरलं. आबिड्सला साड्यांचा सेल लागला की मी ओरडायचो. अंबरपेठेत नवीन मिठाईचं दुकान निघालं की मी ओरडायचो. तेलुगूत ओरडायचो, हिंदीत ओरडायचो, आणि काचिगुडा-बरकतपुऱ्याकडं आपली माणसं राहतात म्हणून शेवटी एकदा मराठीतही ओरडायचो. सगळं शहर माझं ऐकायचं. घरात कुणी ऐकायचं नाही.

घरात म्हणजे बायको. पोरगी शिकायला होस्टेलला गेली आणि तिचा कॉम्प्युटर आमच्याकडं राहिला. त्या दिवसांत घरोघरी कॉम्प्युटर घुसत होते. बाजारात सीड्या लागल्या होत्या, फूटपाथवर भाजीसारख्या गेमच्या सीड्या मांडायचे. बायको नांदेडकडची, सातवी पास, मराठी फाडफाड वाचते. पण तेलुगू तिला आलं नाही आणि इंग्रजीशी तिची ओळखच नाही. मी दिवसभर बाहेर. शेजारीण तेलुगू, समोरची उर्दू. ती एकटी त्या डब्यापुढं बसायला लागली. पोरीनं एक गेम टाकून ठेवलेला होता. केकचं दुकान होतं, गिऱ्हाईकं यायची, भट्टीत केक टाकायचे, काढायचे, द्यायचे. तिला तो असा काही आवडला की भाजी करपायला लागली.

आता त्यात सगळं इंग्रजी. मग मी बाजूला बसायचो, अर्थ सांगायला. मला इंग्रजी येतं असं मी लग्नाच्या आधीपासून सांगत आलोय, ते आता कसं मागं घेणार?

एकदा पडद्यावर लाल अक्षरं आली, लुकलुक करायला लागली.

"काय म्हणतंय?" ती म्हणाली.

"शाबास म्हणतंय. लई भारी चाललंय, अजून टाक भट्टीत."

तिनं टाकले. अक्षरं अजून जोरात लुकलुकली.

"आता?"

"आता तर फारच खूश झालंय."

भट्टी फुटली. दुकान जळालं. केकवाली बाई डोक्याला हात लावून बसली, आणि माझी बायको पण तशीच बसली. दोघींचे चेहरे सारखे दिसत होते.

"अहो, हे असलं काही मराठीत येत नाही का?" ती म्हणाली. "खाली अक्षरं तरी मराठीत यावीत. मला वाचता येतं. फक्त तुम्ही मधी नको. एकदा तरी मला कुठलाही गेम एकटीनं शेवटपर्यंत खेळायचाय."

दुसऱ्याची बायको सोनं मागते. हिला मी मधी नको होतो.

मराठीत गेम! मी आबिड्सच्या फूटपाथवर विचारलं. सीड्या विकणारा पोरगा म्हणाला, "चाचा, हिंदी में भी नै है, मराठी कां से लाऊं?" चार ठिकाणी विचारून चार वेळा हसं करून घेतलं. मी पण हसलो, काय करणार.

त्यानंतर बरकतपुऱ्यात एक दिवस मी जोरात ओरडत चाललो होतो, तर एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरून एक माणूस खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि माझ्यापेक्षा जोरात ओरडला, "भाई! बंद कर भाई! हाथ जोडतौं!" मी भोंगा बंद केला. तो खाली आला. तेलुगू माणूस, मालक. वर त्यांची गेमची कंपनी होती. आवाज भरायची खोली रस्त्याच्या बाजूला, आणि सकाळपासून ते जे काही भरत होते त्या प्रत्येकात मागं माझा साड्यांचा सेल येत होता.

त्याच्या मागोमाग एक मुलगी जिना उतरून आली. जीनची पँट, चष्मा, पुण्याची. ती म्हणाली, "काका, तुम्ही आत्ता मराठीत ओरडत होतात?"

"हौ. माफ करा मॅडम."

"माफ कसलं? वर या."

असा मी गेमच्या धंद्यात शिरलो. तक्रारीतून.

त्यांनी एक गेम बनवला होता. एका मुलीची बकरी हरवते, ती जुन्या किल्ल्यात शिरलेली असते, आणि मुलीला घेऊन आपण बकरी शोधायची. इंग्रजी, तेलुगू, हिंदी तयार होतं. नांदेड-लातूरच्या बाजूला सीड्या खपवणारे व्यापारी म्हणत होते, मराठी असेल तर घेऊ, बाया-पोरं आपली आपण खेळू शकली पाहिजेत, शेजारी सांगायला माणूस बसवायची गरज पडता कामा नये. ते ऐकून माझ्या अंगावर काटाच आला. ही तर माझ्याच घरची अट! मालकाचा मात्र मराठीवर भरवसा नव्हता. तो मॅडमला म्हणायचा, मराठीवाले हिंदी समजतात की, कशाला खर्च? मॅडम हट्टाला पेटली होती. शेवटी ठरलं, मराठी करून बघायचं. मराठीशिवाय दुसरं काही धड न येणारं माणूस समोर बसवायचं. त्याला खेळता आलं तर मराठी सीडीवर जाणार, नाही आलं तर सगळं पुसून टाकायचं.

आवाज म्हणून मला घेतलं. मी घरी काही सांगितलं नाही. मनात म्हटलं, गेम पुरा होऊ दे, हिला पडद्यापुढं बसवू, आणि आतून नवऱ्याचा आवाज येईल. रडेलच बिचारी आनंदानं.

आवाज भरायची खोली म्हणजे मोरीएवढी जागा, भिंतीला गाद्या ठोकलेल्या. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. हैदराबादचा मे महिना, आणि चारी बाजूनं गाद्या. मी आत जाताना माणूस असायचो, बाहेर येताना उकडलेला बटाटा.

मॅडम बाहेरून कानात वाचून दाखवायची, मी तसं म्हणायचं. मला वाटलं गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची असेल. कसलं काय! त्यांच्याकडं सगळी वाक्यं तुकड्यातुकड्यांनी, उलटीसुलटी. एक दिवस नुसतं "दार उघड", "हे दार उघडत नाही", "दुसरं दार बघ." दुसऱ्या दिवशी नुसतं पडायचं, खड्ड्यात पड, पाण्यात पड, "जपून!" आणि "अरेरे!" बारा तऱ्हेचं अरेरे.

"मॅडम, ही पडली कशी?"

"काका, ते तुम्हाला कळायची गरज नाही."

"कळलं नाही तर वाईट कसं वाटून घेऊ?"

"थोडंसंच वाईट वाटून घ्या. ती लगेच उठते."

पहिल्याच दिवशी मी सवयीप्रमाणे छाती भरून म्हटलं, "बकरीऽऽ डावीकडंऽऽ गेली आहे होऽऽ!" मॅडमनं कानावरचा हेडफोन काढून फेकला. म्हणाली, काका, ती मुलगी तुमच्या शेजारी उभी आहे, दोन गल्ल्या सोडून नाही. मी हळू बोललो तर आवाजच निघेना. तीस वर्षं हळू बोललोच नव्हतो.

मग लांबीची भानगड. इंग्रजी वाक्य जेवढ्या वेळात संपतं तेवढ्यात मराठी संपलं पाहिजे, असं कागदावर होतं. मी एक "सावकाश" म्हणेपर्यंत इंग्रजीत आवाज दिलेली बाई वाक्य संपवून घरी जायची. मॅडम म्हणायची, काका ओढू नका. मी म्हणायचो, ओढत नाही, ते आपोआप लांबतं, भोंग्याची सवय. शेवटी ती थकली. म्हणाली, जाऊ दे, सांगणाऱ्याचं तोंड पडद्यावर कुठं दिसतंय, ओठ जुळवायचे नाहीत, बोला तुमच्या चालीनं.

अक्षरांचं दुखणं वेगळंच. त्यांचा गेम इंग्रजीसाठी बनवलेला. मराठी घातलं की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या, जोडाक्षरं फुटून वेगळी व्हायची. मग मॅडमनं प्रत्येक वाक्याचं चित्र बनवलं. चित्र म्हणजे फोटोच, लिहिलेल्या ओळीचा. एक शब्द बदलायचा तर सगळं चित्र परत. मी बोलताना चुकून "इकडं नक्को" म्हणून गेलो की खालचं चित्र "इकडे नको" आणि मॅडम कपाळाला हात लावून. माझ्यापायी तिनं इतकी चित्रं परत काढली की मला तिच्या आईवडिलांची माफी मागावीशी वाटायची.

झालं एकदाचं तयार. मॅडम म्हणाली, "काका, आता हा गेम कधीच न बघितलेलं कुणी पाहिजे. मराठी वाचणारं, इंग्रजी अजिबात न येणारं. आहे का कुणी?"

मी तर वाटच बघत होतो. म्हटलं, "घरीच आहे की."

बायकोला सांगितलं, मराठीत गेम निघालाय, तुला खेळायला बोलावलंय. ती माझ्याकडं बघतच राहिली. साडी बदलली, केस विंचरले. आटोत म्हणाली, "खरंच मराठीत? सगळं? आणि मला एकटीला खेळू देतील?" मी म्हटलं, "एकटीच खेळायचंय, अटच आहे तशी." बरकतपुऱ्यापर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

वर मालक वही घेऊन बसलेला. मॅडमनं बायकोला खुर्ची दिली. मला म्हणाली, "काका, तुम्ही मागं उभं राहा. एक अक्षर बोलायचं नाही." मी कशाला बोलतोय, म्हटलं, मी आत बोलून ठेवलंय.

गेम सुरू झाला. पडदा मराठीत उजळला. बायकोनं पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि हसली. मुलगी किल्ल्याच्या दारात आली. लांबून बकरी ओरडली, बेंऽऽ. आणि मग माझा आवाज आला.

"डावीकडच्या दारानं आत जा."

बायको दचकली. मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटून उभा. परत पडद्याकडं बघितलं. मी मनात म्हटलं, आता रडते.

ती उजवीकडं गेली.

धप्प. खड्डा. "अरेरे," माझा आवाज म्हणाला, थोडंसंच वाईट वाटून.

"ऊठ, आणि विहिरीपाशी थांब." ती थांबली नाही. पळत सुटली. भिंतीवर आपटली. "जिना चढ," मी आतून म्हणालो. तिनं जिन्याकडं पाठ केली आणि तळघरात उतरली. खाली अक्षरं येत होती, नीट, सुंदर, वेलांट्या जागच्या जागी. ती बघतच नव्हती. माझा आवाज आला की तिचा हात उलट्या दिशेला जायचा, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची.

मालकानं वही मिटली. "मॅडम, भाभी को मराठी आती नै क्या?"

"येते सर. चांगली येते."

"फिर सुन कू उल्टा कायकू जा री?"

मॅडम बायकोजवळ बसली. "काकू, कळत नाहीये का काय सांगतायत ते?"

"कळतंय की," बायको म्हणाली. "सगळं कळतंय."

"मग डावीकडं का नाही गेलात?"

"हे सांगतायत ना डावीकडं? म्हणजे उजवीकडंच असणार." तिनं माझ्याकडं न बघता बोट केलं. "ह्यांनी लग्नाच्या वरातीला रस्ता चुकवला होता. एवढी वर्षं झाली, काचिगुड्याहून अंबरपेठ म्हटलं की हे मला मलकपेठ दाखवून आणतात, आटोवाले असून. ह्यांनी सांगितलेल्या बाजूला मी आजवर कधी गेले नाही, म्हणून संसार टिकला."

मला वाटलं त्या गादीच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं.

मालकाला मॅडमनं हिंदीतून समजावलं. तो पोट धरून हसला. मग हसायचं थांबला आणि म्हणाला, हसू येतंय खरं, पण खेळता आलं नाही ते नाहीच आलं. व्यापाऱ्याला काय सांगू? पुसून टाका मराठी.

बायकोला हिंदी एवढं तरी कळतं. तिचा चेहरा उतरला. "नका पुसू," ती म्हणाली. "गेम चांगलाय हो. मला फक्त ह्यांचा आवाज बंद करून द्या. अक्षरं राहू द्या. मी वाचते."

सोपं होतं ना? नव्हतं. त्यांच्या गेममध्ये भाषा निवडायची एकच खिट्टी. मराठी म्हटलं की आवाज आणि अक्षरं दोन्ही, जोडीनं. मालकानं मग बाहेरचा स्पीकरच बंद केला. मी गप्प झालो, पण माझ्याबरोबर बकरी पण गप्प झाली. आणि त्या गेममध्ये बकरी जवळ आली की बेंबें मोठं होतं, लांब गेली की बारीक होतं, त्यावरून तर ती सापडते. बायको मुक्या किल्ल्यात गोल गोल फिरत राहिली.

मॅडम म्हणाली, थांबा, बकरीचा आवाज आणि काकांचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलाय. काकांचा तेवढा काढते. तिनं मला काढलं. सुरू केलं. बकरी ओरडली, वा! पण आता अक्षरं येतायत न येतायत तोच गुडूप. विजेसारखी लखलखून जायची. बायको म्हणाली, "'विहिरी' एवढंच वाचलं, पुढं काय होतं?"

मालक कंटाळला. मॅडमनं टेबलावर डोकं टेकवलं. मग तसंच टेकवलेल्या डोक्यानं म्हणाली, "अक्षरं आवाजावर चालतात. आवाज जेवढा वेळ असेल तेवढाच वेळ खाली ओळ टिकते. आवाज काढला की तिला वेळच राहत नाही."

"म्हणजे हे पाहिजेतच?" बायको वैतागून म्हणाली. ते मी कधी विसरणार नाही.

"पाहिजेत," मॅडम म्हणाली, "पण बोलायला नको." आणि ती कामाला लागली. माझी एकेक ओळ घेऊन तिची लांबी तशीच ठेवली आणि आतलं बोलणं पुसून टाकलं. एवढे दिवस गाद्यांत उकडून मी जे काही म्हटलं होतं, ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत मुकं झालं. आम्ही बाहेर चहा पीत बसलो. मालक मला म्हणाला, "बुरा मत मानो भाई." मी कसलं बुरा मानतोय. मला घरी सवय आहे.

परत बसवलं. आता मी आत होतो, पण गप्प. खाली ओळ आली, "डावीकडच्या दारानं आत जा." बायकोनं मोठ्यानं वाचली. सावकाश वाचली, आणि वाचून होईपर्यंत ओळ टिकली. कारण मी प्रत्येक वाक्य ओढून ओढून म्हटलेलं होतं. हिंदीवाल्यानं झटपट म्हटलेलं, तिथं ओळ टिकली नसती, असं मॅडम नंतर म्हणाली. माझ्या बोलण्यातलं बोलणं काढून टाकलं तेव्हा कुठं ते उपयोगी पडलं.

बायको डावीकडं गेली. आयुष्यात पहिल्यांदा. विहिरीपाशी थांबली, जिना चढली, एका ठिकाणी चुकली, पुन्हा वाचलं, कान देऊन बकरीचा आवाज ऐकला, मागं फिरली. कुणाला काही विचारलं नाही. मी एकदा न राहवून पुढं झालो, तर तिघांनी मिळून मला गप्प केलं, आणि मी अजून काही बोललोही नव्हतो. बुरुजाच्या मागं बकरी होती. मुलीनं तिला कवटाळलं. बायकोनं दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि मांडीवर ठेवले. डोळे पुसले. आनंदानं रडेल असं मी म्हटलं होतं ते खरं झालं, फक्त मी गप्प राहिल्यामुळं.

मालकानं वही उघडली. मराठी राहिलं. आणि मॅडमनं मेनूत एका खिट्टीच्या दोन केल्या, आवाज वेगळा, अक्षरं वेगळी. मग म्हणाली, सगळ्याच भाषांत अशा पाहिजेत, आधीच करायला हवं होतं.

निघताना मालकानं बायकोला विचारलं, तिच्याशी बोलायचं म्हणून जरा जपून, "भाभी, आवाज कैसा लगा? सच्ची बोलो."

बायकोनं मराठीतच उत्तर दिलं, मॅडमनं ते त्याला हिंदीतून सांगितलं. "आवाज चांगलाय. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचा असता तर ऐकला असता."

सीडी बाजारात आली तशी आमच्या घरीही आली. काचिगुड्याच्या दोन-तीन मराठी बाया दुपारी खेळायला यायला लागल्या. त्या आवाज चालू ठेवतात. मी डावीकडं म्हटलं की डावीकडं जातात, थांब म्हटलं की थांबतात. एक तर म्हणाली, "वहिनी, किती समजून सांगतो हो हा माणूस." त्या उठून गेल्या की बायको खुर्चीवर बसते, मेनूत जाते, माझा आवाज बंद करते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी बाजूला बसायला गेलो तर म्हणते, "तुम्ही कुठं चाललात? जा की, आटो धुवायचाय."